अर्धी उंची

१९६४ साली मी यवतमाळच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. घाटंजीकडच्या एका खेड्यातले प्राथमिक शाळेचे गुरुजी तेव्हा गणित घेऊन बाहेरून बी.ए.ला बसले होते. तिशी उलटलेली, दोनदा नापास झालेले. ही शेवटची खेप, असं घरी कबूल करून आले होते. दर रविवारी ते एस.टी.नं माझ्या खोलीवर शिकायला येत.

गोलात मावणारा सगळ्यात मोठा सिलिंडर काढायचं गणित त्यांना जड जाई. सिलिंडर उंच केला तर बारीक होतो, रुंद केला तर बुटका. घनफळ मधेच कुठंतरी सर्वांत जास्त असतं. अपूर्णांकांत ते अडकत, म्हणून मीच सोपी वाट दाखवली. पूर्ण उंचीऐवजी अर्धी उंची x धरायची. गोलाची त्रिज्या a असेल तर तळाच्या त्रिज्येचा वर्ग a² − x², आणि घनफळ 2πx(a² − x²). त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं की x = a/√3. उंची हवी तर शेवटी दुप्पट करायची, हे मी एकदाच बोललो असेन.

परीक्षेत नेमकं तेच आलं: उंची 2a/√3 असते हे सिद्ध करा. त्या दिवशी एक सहकारी आजारी पडले म्हणून हॉलवर देखरेखीला ऐनवेळी मला उभं केलं होतं.

फेऱ्या मारताना मी त्यांच्या बाकाशी आलो. आकृती नीट, पायऱ्या नीट. फक्त अर्ध्या उंचीला त्यांनी x ऐवजी h म्हटलं होतं. खाली h = a/√3. त्यांनी प्रश्नपत्रिकेकडे पाहिलं, मग उत्तराकडे. पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

एक शब्द पुरला असता. मी पुढच्या बाकाकडे गेलो.

परत आलो तेव्हा ते सगळ्या पानावर आडव्या रेघा ओढत होते. वेळ संपायच्या आधीच पेपर देऊन ते निघाले.

सुटल्यावर ते फाटकापाशी थांबले होते.

"सर, ते गोलाचं आलंच नाही मले. निम्मंच उत्तर निघे."

"बरोबरच होतं तुमचं. ती अर्धी उंची होती. दुप्पट करायची राहिली."

त्यांनी खिशातून प्रश्नपत्रिका काढून पुन्हा पाहिली.

"तुमाले तवाच दिसलं होतं काय?"

"हो."

"मंग तुमी तरी काय करान," ते म्हणाले, आणि मलाच बरं वाटावं म्हणून थोडं हसले.

निकालात त्यांचा नंबर नव्हता. त्या एका गणितानं ते पास झाले असते की नाही, मला माहीत नाही. मी दोन पत्रं टाकली, पुन्हा बसा म्हणून. एकाचं उत्तर आलं: शाळा सुरू झाली आहे, यंदा चौथीचा वर्ग मोठा आहे, वेळ होत नाही.