कोणाचा आवाज

मावशीने छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. तिच्या नजरेतून चूक सुटणं म्हणजे मांजरापुढून दूध सुटणं. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे. म्हणूनच भाच्याला पकडल्यावर ती स्वतःहून पोलिसांच्या चौकशी कार्यालयात गेली. सोबत होती त्याची चाळीस पानांची कविता आणि तीन रंगीत पेन्सिली.

साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. 'आज संध्याकाळी पूल पडेल.'

"ही धमकी नाही तर काय आहे, बाई?"

"ओळ त्याची, बोलणारा तो नाही. कवितेत 'मी' खंडीभर आहेत, त्यांच्या मागे लागलं की डोकं फिरतं. कोण कोणाशी बोलतंय ते बघायचं. हा आवाज दरवेळी 'नागरिकांनो' म्हणतो, वेळ सांगतो, 'मी' कधीच म्हणत नाही. म्हणजे रस्त्यावरचा सरकारी कर्णा. त्याची सूचना नवव्या पानावर तुटते आणि बाराव्यावर पुरी होते. मध्ये दुसरेच बोलतात."

तिने कर्ण्याच्या ओळी लाल केल्या. तुकडे सलग वाचले, तर जुना पूल पाडण्याची साधी सरकारी सूचना निघाली. साहेब हसले, 'असं असेल तर सोडू त्याला' म्हणाले. खोलीतला पंखा बंद होता, तरी मावशीला गार वाटलं.

"मग एका आवाजातून दुसऱ्यात उडी कशी ओळखायची?"

कोणी इतक्या आवडीने विचारलं की मावशीचा तोल जाई.

"कोरी ओळ आली की थांबायचं. आधीची कुठली वस्तू पुढे येते ते बघायचं. इथे कर्ण्याची खरखर थांबते आणि नळाची टिपटिप सुरू होते. म्हणजे आपण रस्त्यावरून घरात आलो. निळा आवाज भाच्याचा. हिरवा एका बाईचा. ती सगळ्यांना 'बाळा' म्हणते, तेवीस पायऱ्या मोजते, खिडकीतून तिला विटांची चिमणी दिसते. आणि गंमत म्हणजे विसाव्या पानापासून ती एकटीच जेवते, पण ताटं दोन..."

ती थांबली. भाच्याचा फरार मित्र महिनाभर यांना सापडत नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"असेल काहीतरी," ती घाईने म्हणाली. "कविताच ती."

"छे! तुम्ही फार छान समजावता." साहेबांनी हिरव्या ओळींची पानं बाजूला काढली आणि दाराशी उभ्या माणसाला दिली. "विटांच्या चिमणीसमोरची घरं. तेवीस पायऱ्या."

मावशीने पेन्सिली गोळा केल्या. अशी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती.

साहेब शब्दाचे पक्के. चौथ्या दिवशी भाचा सुटला. तो थेट मावशीकडे आला, पण उंबऱ्यावरच उभा राहिला.

"मावशी, त्यांना घर कसं कळलं? मी तर तोंड उघडलं नव्हतं."

"मी वाचून दाखवलं," ती म्हणाली.