गंमत होती का, हे ज्याला विचारायचो तो

दुष्काळात आमच्या गावच्या विकास सोसायटीनं जनावरांची छावणी चालवायला घेतली आणि मला काट्यावर बसवलं. चौसाळ्याजवळ, हमरस्त्याला लागून, उघड्या माळावर हिरव्या जाळ्यांखाली शेकडो जनावरं बांधलेली. मोठ्या जनावराला पंधरा किलो उसाचं वाढं, लहानाला निम्मं. काम मला आवडायचं, कारण त्यात माणसांच्या तोंडाकडे बघावं लागत नसे. गाई-बैल मी शिंगांवरून ओळखायचो. त्यांचे मालक मात्र टोपी बदलली की मला परके वाटायचे.

प्रत्येक वजनाआधी मी मोठ्यानं म्हणायचो, "काटा शून्यावर आहे." तसं म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं, पण म्हटल्याशिवाय माझा हातच पुढे जात नसे. माझं हे जे काही आहे त्याला आता डॉक्टरांकडे नाव आहे. तेव्हा आमच्याकडे भोळा आणि येडा असे दोनच शब्द होते, आणि दोन्ही मला लहानपणीच मिळाले होते.

माझी खरी अडचण वेगळी. माणूस हसत काही बोलला तर ते मायेनं की टोचायला, हे मला कळत नाही. इतरांना ते डोळ्यांवरून, आवाजावरून कळतं म्हणे. मला फक्त शब्द ऐकू येतात, आणि शब्द दोन्ही वेळी तेच असतात.

छावणीत दोन बैल आणि एक भाकड गाय घेऊन राहिलेला एक म्हातारा होता. तो रोज रांगेतून ओरडायचा, "काय बे काटाशून्य, लगीन कवा? का पोरीला बी आदी काट्यावर चढवनार?" रांग खो खो हसायची आणि माझे कान तापायचे. मग तो स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढे सरकवायचा. ह्या दोन गोष्टींचा मेळ मला लागत नव्हता.

मेळ लावून द्यायला माझा मित्र होता. शाळेपासूनचा, एकुलता एक. छावणीत हजेरी घ्यायचा, आणि मला हे काम त्यानंच मिळवून दिलं होतं. संध्याकाळी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी जाताना मी दिवसभराचं साठवलेलं विचारायचो. मागं बसलं की समोरच्याचं तोंड दिसत नाही, त्यामुळं विचारणं सोपं जातं. अमका हसला तो चिडून का? मी पण हसायला हवं होतं का? किती वेळ हसायचं असतं? तो शांतपणे सांगायचा. बाकीचे गंमत करतात, मनावर घेऊ नको. म्हातारा तेवढा मनातून खोटा आहे, त्याच्या नादी लागू नको. मी म्हाताऱ्याचा चहा घेणं बंद केलं.

एका दुपारी वाढ्याची गाडी उशिरा येणार होती. मी टाकीमागं पाणी प्यायला गेलो आणि ताडपत्रीपलीकडून मला माझाच आवाज ऐकू आला. "काटा शून्यावर आहे." मी फटीतून पाहिलं. माझा मित्र मान वाकडी करून, माझ्यासारखे हात पोटाशी धरून उभा होता आणि दहा-बारा जण खाली बसून हसत होते. त्याचं मला फारसं वाटलं नसतं, नकला सगळेच करत. पण मग तो म्हणाला, "मी बी हसाया पायजे होतं का? किती येळ हसायचं असतंय?"

हे मी फक्त त्याला विचारलं होतं, गाडीवर, मागं बसून. माझे प्रश्न तो एकेक करून काढत होता, आणि लोकांना पुढचे पाठ होते. म्हाताराही हसत होता. मी पाणी न पिताच परत आलो आणि त्या दुपारी पहिल्यांदा माझी वजनं चुकली.

दोन दिवस ताप आल्याचं सांगून घरी पडून राहिलो. थोरली बहीण परळीला नर्स होती, तेव्हा माहेरी आली होती. तिनं रडू दिलं आणि मग वही मागितली. म्हणाली, तुला तोंड वाचता येत नाही ना, मग वाचू नको. कोण काय बोललं, तेव्हा भोवती कोण होतं, आणि बोलल्यावर त्यानं काय केलं, एवढंच लिही. मी आठवेल तसं चार पानं लिहिलं. लिहून झाल्यावर जे मला दिसायला हवं होतं ते शाईत दिसलं. म्हातारा एकटा असला तरी तेच बोलायचा, चारचौघांतही तेच. त्याच्या भाकड गाईवरून मी एकदा त्याला बोललो होतो तर सगळ्यांत जास्त तोच हसला होता. मित्र एकटा असताना कधीच थट्टा करत नसे. त्याला माणसं लागायची, आणि मी तिथं नसणं लागायचं.

पण वहीवर निकाल लावू नको, बहीण म्हणाली. प्रत्येकाला एकदा सरळ सांग. न हसता, कारण न देता, एकट्याला गाठून. "हे मला आवडत नाही, परत नको." मग तो काय म्हणतो ते सोड. गंमत करणारासुद्धा आधी रागावतो. पुढचे आठ दिवस तो काय करतो ते बघ. हे वाक्य मी गोठ्यात वीस वेळा म्हणून पाहिलं.

आधी म्हाताऱ्याला गाठलं. काटाशून्य म्हणू नका, आणि परवा हसलात तेही मला आवडलं नाही, असं सांगितलं. त्यानं बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "हसलो मी. चुकलंच ते," म्हणाला. मग जरा फुगला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी रांगेतून हाळी आली ती माझ्या नावानं. लग्नाचं मात्र त्यानं सोडलं नाही. मी ते सोडायला सांगितलंच नव्हतं.

मित्राला हजेरीच्या टेबलापाशी सांगितलं. तो गोड हसला, खांद्यावर हात ठेवला. तुला गंमत कळत न्हाई म्हणून तर मी समजून सांगतो, म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की वही फाडून टाकावीशी वाटली. बहिणीनं आठ दिवस सांगितले होते. त्याला एक दुपार पुरली. ताडपत्रीमागून आवाज आला, माझाच, मान वाकडी करून काढलेला: "हे मला आवडत नाही, परत नको." हसणं आधीपेक्षा मोठं होतं.

संध्याकाळी त्यानं गाडी काढली आणि बस म्हणाला. मी उभाच राहिलो. म्हटलं, एकच विचारायचं आहे. म्हातारा मनातून खोटा आहे असं तू का सांगितलंस?

त्यानं किक मारायला उचललेला पाय खाली घेतला. "तू त्याच्याकडं बसाया लागला असतास तर हे समदं त्यालाच इचारलं असतंस. मग लोकांपुढं मी काय काढलं असतं?"

त्या वेळी तो हसत नव्हता. भोवती कुणी नव्हतं. त्याचं तोंड मला वाचता आलं नाही, पण गरजही नव्हती, ह्या वेळी शब्द पुरेसे होते. मी चालत घरी गेलो.