अर्ज हाये का धमकी?

मी बी.एस्सी. झाले तेव्हा अमरावतीच्या आमच्या वस्तीत पेढे वाटले गेले आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो सांगू लागला, "आता मास्तरीन व्हय." मला मास्तरीण व्हायचंच नव्हतं. रसायनशास्त्र घेऊन शिकले ते काय पोरांकडून पाढे घोकून घ्यायला? मला प्रयोगशाळा हवी होती. पण प्रयोगशाळा काय गल्लोगल्ली असतात? वस्तीतले लोक म्हणत, पोरगी शिकली तशी शेफारली.

एक दिवस बा कापसाच्या जिनिंग कारखान्यातून कामावरून आला तो वर्तमानपत्राचं कात्रण घेऊनच. अकोल्याला पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत सहायकाची जागा होती. मी आनंदाने ओरडलेच. मग शेवटची ओळ वाचली आणि माझं तोंड उतरलं. 'अनुभव असणाऱ्यास प्राधान्य.'

"चाल, टायपिस्टाकडं जाऊ," बा म्हणाला. "त्याच्या अर्जानं लय लोकं नोकरीले लागले."

हा टायपिस्ट कचेरीबाहेर निंबाखाली बसायचा. त्याच्या डोक्यात एकच अर्ज होता. तलाठी असो की कंपाउंडर, तो फक्त नाव आणि हुद्दा बदलायचा. सुरुवात 'विश्वसनीय सूत्रांकडून कळते की' आणि शेवट 'आपले दीर्घायुष्य चिंतणारा आज्ञाधारक सेवक'. इंग्रजी असं की वाचणाऱ्याला वाटावं, उमेदवार पायाशी लोळूनच राहिला आहे.

"अनुभव?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग कसं जमंन? एक क्लासवाला हाये आपल्या वळखीचा. दोन वर्सं शिकवलं असं सर्टिफिकेट देते तो."

बा माझ्याकडे पाहू लागला. त्याच्या मनात चलबिचल झाली होती, मला दिसलं. माझं डोकं असं सणकलं! "मी कोणाले शिकवलं? काहून खोटं लिहू?" असं म्हणून मी उठलेच. बाही माझ्या मागोमाग घरी आला.

सकाळी मी स्वतः इंग्रजीत अर्ज लिहायला बसले. पहिलंच वाक्य लिहिलं, 'मला नोकरीचा अनुभव नाही.' ते लिहून टाकल्यावर पुढचं भराभर सुचलं. शेवटच्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी आम्हा चौघांना दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात पाठवलं होतं. गावोगावच्या विहिरींचं पाणी आणून त्यातला क्षार मोजायचा होता. बाटली आधी त्याच विहिरीच्या पाण्याने विसळायची, चिठ्ठी तिथेच लावायची, आणि आकडा शंकास्पद वाटला तर पुन्हा पायपीट करून नवं पाणी आणायचं, हे सगळं लिहिलं. मग पटकीची साथ आली तेव्हाचं लिहिलं. कॉलेजातल्या स्वयंसेवकांत मी होते. आरोग्य खात्याच्या माणसासोबत आम्ही विहिरींत लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकत हिंडलो. दवा बादलीत विरघळवून संध्याकाळी विहिरीत ओतायची, बादली वरखाली करून ढवळायची, आणि सकाळपर्यंत कोणी पाणी भरू नये म्हणून घरोघरी सांगत फिरायचं. शेवटी लिहिलं, 'मला कोणत्याही पाण्याची बाटली द्यावी. त्यात किती क्षार आहे ते मी समोर सांगेन.'

बाला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मराठीत करून वाचून दाखवलं. विहिरींचा भाग आला तसा तो हातातली विडी विझवून बसला.

"थे विहिरीचं काप."

"काहून?"

"विहिरीवर चढू देल्लं का तुले, असं इचारतीन. मंग जात निंगते, गाव निंगते. मायी माय विहिरीखाली गाडगं घिऊन बसे. कोणी वरून ओतलं तं पाणी, नाही तं तशीच वापस. अन् तू त्याच विहिरीचं कागदावर लिहून सायबाले देतं?"

आजीचं हे मला ठाऊक होतं, पण बाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.  तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, "बा, विहिरी काढल्या तं या अर्जात उरते काय? माह्यं नाव अन् पत्ता."

तो उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि दारातूनच म्हणाला, "असू दे थे. पन टाइप करून दे. सायबाले वाचता आलं पायजे."

टायपिस्टाने माझा कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "पोरी, हा अर्ज हाये का धमकी?"

"तुमी छापा काका," मी म्हटलं.

त्याने छापला, पण त्याच्या बोटांना सवय! सहीच्या वर 'आपले दीर्घायुष्य चिंतणारी' ही ओळ त्याने न विचारता ठोकून दिलीच. मला ती दिसली तेव्हा बाने पाकीट चिकटवायला घेतलं होतं. म्हटलं, जाऊ दे, कोणाचं आयुष्य वाढत असेल तर वाढो.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा बा आणि मी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो. बाहेर बाकावर अनुभवाची सर्टिफिकिटं घेऊन उमेदवार बसले होते. आत तीन साहेब होते. मधले पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. माझा अर्ज त्यांच्या हातात होता.

"एका ओळीत आव्हान देता आणि दुसऱ्या ओळीत दीर्घायुष्य चिंतता?"

"पहिली ओळ माझी आहे साहेब. दुसरी टायपिस्टची."

डावीकडचे साहेब खो खो हसले. मधल्यांनी मात्र नेमकं तेच विचारलं, ज्याची बाला भीती होती. "सगळ्या विहिरींवर जाऊ दिलं तुम्हाला?"

"एका गावात नाही दिलं," मी म्हटलं. "मी बादली खाली ठेवली अन् म्हटलं, दवा तुमीच ओता, कशी ओतायची ते मी इथून सांगते, पण आज ओतली नाही तं पटकी जात इचारत येणार नाही. मग त्यायनंच वाट सोडली." रागाच्या भरात मी वऱ्हाडीवर आले होते. 

मग मधल्या साहेबांनी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं. "हे नळाचं पाणी. यातला क्षार सांगा."

प्रयोगशाळा शेजारीच होती. तिघेही माझ्यामागे आले. मी चंचुपात्र विसळलं, पाणी मोजून घेतलं, निदर्शकाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. वरून ब्युरेटच्या मोजनळीतून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडू लागले.  विटकरी रंग येई आणि हलवलं की जाई. तो टिकायला जितके थेंब जास्त लागतील, तितका क्षार जास्त. ब्युरेटमधली पातळी उतरत चालली तरी रंग टिकेना. अखेर टिकला. मी आकडा घेतला, दुसऱ्यांदा करून पाहिलं, तोच आला.

"साहेब, हे नळाचं पाणी नाही. हे विहिरीचं आहे, अन् चांगलं खारं आहे."

शिपायाला बोलावलं. तो म्हणाला, "नळ गेलता साहेब. हापिसामांगच्या विहिरीचं भरलं."

मधले साहेब म्हणाले, "तरीच! मला वाटत होतं, इकडचं पाणीच असं लागतं." आता तिघेही हसले.

नेमणुकीचा कागद आला तेव्हा बाने तो अख्ख्या जिनिंगमध्ये फिरवला. टायपिस्ट भेटला की आजही सांगेल, त्याच्या शेवटच्या ओळीनेच मला नोकरी लागली. सांगू दे बिचाऱ्याला.

त्याच पावसाळ्यात तालुक्यातल्या विहिरींच्या बाटल्या माझ्या टेबलावर आल्या. एका चिठ्ठीवर बाच्या गावाचं नाव होतं. जिच्याखाली आजी गाडगं घेऊन बसायची, तीच विहीर. ते पाणी मी एकदा नाही, तीनदा तपासलं. क्षार अगदी कमी, पाणी गोड. अहवालावर 'तपासणारा' या शब्दापुढे मी सही केली, आणि रविवारी अमरावतीला गेले तेव्हा बाला सगळं सांगितलं.

 तो डोळे पुसत हसला आणि म्हणाला, "गोड हाये थे तं मायी माय खाली बसूनच सांगे. आता सरकारले तुह्या सहीनं मालूम झालं."