आभाराची एक ओळ

धाकटा हा थोरल्याचा सख्खा भाऊ. डायलिसिसच्या मशीनचा याच्याएवढा जाणकार दुसरा दाखवून द्या, असं थोरला गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, मग समोरचा नुसती हवा भरायला आलेला का असेना. थोरला स्वतः नववीनंतर पान्याला चिकटला. पण धाकट्याचा विषय निघाला की त्याची छाती शर्टात मावत नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही.

धाकट्याला मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा थोरल्याला त्याच दिवशी जगाला सांगायचं होतं. धाकटा म्हणाला, आधी राजीनामा, मग महिनाभराची नोटीस, मग तिकडे हजर होणं, आणि मग सांगणं. थोरल्याने तो महिना दातखीळ बसल्यासारखा काढला.

हजर झाल्यावर आठव्या दिवशी धाकट्याने लिंक्डइनवर टाकायचा मजकूर लिहिला. त्याआधी ज्यांचे आभार मानायचे त्यांना त्याने फोन करून नाव लिहू का म्हणून विचारलं. नव्या हॉस्पिटलने दोन माणसांकडे त्याची चौकशी केली होती. एक जुन्या दवाखान्यातले सीनियर सर, आणि दुसऱ्या म्हणजे तिथल्याच वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. सिस्टर म्हणाल्या, "माझं नाव नको रे बाबा, मला अजून इथेच राहायचंय." सर म्हणाले, "लिही की. ठळक लिही."

मजकूर जेमतेम सहा ओळींचा होता. कुठे लागलो, काय काम आहे, सरांनी सुई लावायला शिकवलं आणि माझ्यासाठी शब्द टाकला, नाव नको म्हणणाऱ्या एका व्यक्तीचेही आभार, आणि पेशंटनी धीर धरला म्हणून हात बसला.

"हे काय, शोकसभेचं भाषण आहे का?" थोरला म्हणाला. "पन्नास जणांतून निवडला ते लिही."

"दादा, उरलेले एकोणपन्नासही ते वाचणार आहेत."

थोरल्याने ऐकलं, पण तेवढ्यापुरतंच. सकाळी धाकट्याने मजकूर लिंक्डइनवर टाकला, तसा थोरल्याने तोच आपल्या पाच ग्रुपांवर टाकला आणि वर स्वतःची भर घातली, की सरांच्या एका शब्दावर आमच्या भावाचं सोनं झालं, असा देवमाणूस होणे नाही. दुपारपर्यंत अर्धा गाव सरांचं अभिनंदन करत होता. सरांनी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

संध्याकाळी धाकटा ड्यूटीवरून थेट गॅरेजात आला आणि स्टुलावर बसून राहिला. नव्या विभागाच्या मॅडमनी त्याला बाजूला बोलावलं होतं. हे मी सांगायला नको, कुठे बोलू नकोस, असं आधी बजावून त्या म्हणाल्या होत्या की तुझी ती आभाराची ओळ वाचून मला राहवेना. सरांनी फोनवर सांगितलं होतं, हात बरा आहे, पण भरवशाचा नाही, पाळीत झोपतो, घेऊ नका. सिस्टर अर्धा तास भांडल्यासारख्या बोलल्या, म्हणून तुझं काम झालं.

"झोपतो?" थोरला म्हणाला. "तू?"

"मी गेलो तर माझ्या पाळ्या सरांच्या गळ्यात पडणार होत्या. पण तोंडावर 'लिही' म्हणाले रे. ठळक लिही म्हणाले."

धाकट्याचा आवाज तिथे फुटला. बाप गेला तेव्हाही थोरल्याने तो तसा ऐकला नव्हता. त्याने काळ्या हातानेच फोन काढला आणि पाचही ग्रुपांवर सरांची धुलाई लिहायला घेतली. धाकट्याने मनगट धरलं. मॅडम तोंडघशी पडतील, म्हणाला, आणि कालचा जॉइन झालेला मी भांडखोर ठरेन.

"मग काय, त्यांची आरती करू?"

"सुई त्यांनीच शिकवलीय. तेवढं खरं आहे. तेवढंच ठेवतो."

त्याने तिथेच बसून 'शब्द टाकला' एवढं खोडलं. थोरल्यानेही ग्रुपांवर लिहिलं, "सकाळी माझ्याकडून चुकीचं गेलं. नोकरी भावाने स्वतःच्या हातावर मिळवली." धाकटा म्हणाला, हेही जरा जास्तच झालं. थोरल्याने ते काही बदललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतानाच सरांचा फोन आला. सूर तोच, घरच्यासारखा.

"काय हो, धाकट्याने माझी ओळ छाटली वाटतं? लोक विचारतायत मला."

'पाळीत झोपतो' हे शब्द थोरल्याच्या ओठांपर्यंत आले होते, पण मॅडमनी धाकट्याला बजावलेलं त्याला आठवलं. उभ्या जन्मात त्याने एवढं तोंड कधी आवरलं नव्हतं.

"जे खरं होतं ते ठेवलंय, सर," तो म्हणाला.

पलीकडे वॉर्डातलं एक मशीन वाजत होतं. ते बंद करायला कुणी गेलं नाही. सर "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. काय खरं होतं, ते त्यांनी विचारलं नाही.