मधला कागद पडला नाही

ठाण्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्सचं प्रॅक्टिकल घेते. राहायला कल्याणला. बावीस वर्षं झाली, आणि त्यातली निदान अठरा वर्षं मी सोनोमीटरचा प्रयोग डोळे मिटून तपासला, हे आधीच कबूल करते.

सोनोमीटर म्हणजे एक लांबट पोकळ लाकडी पेटी. तिच्यावर एक तार ताणलेली असते. तारेचं एक टोक खिळ्याला बांधलेलं, दुसरं कप्पीवरून खाली सोडलेलं आणि त्याला वजनं लटकवलेली. तारेखाली दोन लाकडी ब्रिज सरकवायचे. दोन ब्रिजच्या मधला तुकडा तेवढा आपला. ट्यूनिंग फोर्क रबरावर आपटायचा, त्याची दांडी पेटीवर टेकवायची आणि ब्रिज सरकवत राहायचं. तार आणि फोर्क यांचं जमलं की तार जोरात थरथरते आणि तिच्यावर ठेवलेला कागदाचा कपटा उडून पडतो. तेवढी लांबी मोजायची आणि वहीत लिहायची. फोर्क दुप्पट कंपनांचा घेतला की लांबी निम्मी यायला हवी. मुलांना ते आधीच माहीत असतं, त्यामुळे ती येतेच. नाही आली तर शेजारच्या वहीतून येते.

चार वर्षांपूर्वी अकरावीच्या बॅचमध्ये एक मुलगी आली, तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. खाडीकडच्या एका जुन्या ख्रिस्ती गावातली होती. समोरच्याचे ओठ बघून तिला मराठी नीट कळायचं. बोलायची थोडं, सुटं सुटं, आणि अडलं की खिशातल्या छोट्या डायरीत लिहून दाखवायची. वर्गात मी फळ्याकडे तोंड करून बोलले की ती पेन्सिलने बाकावर टकटक करायची. पहिल्या आठवड्यात मला त्याचा राग आला. दुसऱ्या आठवड्यात मी फळ्याकडे तोंड करून बोलणं सोडलं आणि सगळ्या वर्गालाच माझं जास्त कळायला लागलं.

सोनोमीटरची पाळी आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं.

"हा आवाजाचा प्रयोग आहे. तू त्याऐवजी भिंगाचा कर. मार्क तेवढेच."

तिने डायरीत लिहिलं, 'कागद दिसतो ना मला?'

मी तिला टेबल दिलं.

पहिला फोर्क दोनशे छप्पनचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांचा. तिची लांबी चाळीस सेंटीमीटर आली, बरोबर. दुसरा पाचशे बाराचा, म्हणजे दुप्पट. लांबी वीस यायला हवी होती. तिने लिहिलं होतं चाळीस. मी लाल पेनाने त्यावर फुली मारली, बाजूला 'परत घ्या' लिहिलं आणि पुढची वही ओढली.

तास संपला. मुलं दप्तरं उचलून गेली. ही मात्र टेबलाजवळच उभी. टकटक.

"अगं, वीस येते. सगळ्यांची वीस आली आहे," मी तिच्यासमोर जाऊन म्हटलं.

तिने मान हलवली आणि मला हाताने धरून तारेजवळ नेलं. ब्रिज चाळीसवरच होते. तारेवर इतरांसारखा एक कपटा नव्हता, तीन होते. एक मधोमध आणि दोन्हीकडे अर्ध्याच्या अर्ध्यावर एकेक. तिने पाचशे बाराचा फोर्क रबरावर आपटला आणि दांडी पेटीवर टेकवली. बाजूचे दोन्ही कपटे टुणकन उडाले. मधला जागचा हलला नाही.

मग तिने तिन्ही कपटे परत ठेवले आणि दोनशे छप्पनचा फोर्क टेकवला. या वेळी मधलाही गेला. सगळ्यात जोरात तोच उडाला.

मी तिथे स्टुलावर बसले. पुस्तकात असतं हे. दर वर्षी फळ्यावर मी त्याची आकृती काढते. तारेची दोन्ही टोकं बांधलेली, ती हलू शकत नाहीत. लाट टोकाला जाते, उलटी फिरते, येणारी आणि जाणारी एकमेकींत मिसळतात आणि तार जागच्या जागी झुलायला लागते. काही बिंदू अजिबात हलत नाहीत, ते निस्पंद, नोड. त्यांच्या मधोमध सगळ्यात जास्त हालचाल, ते प्रस्पंद, अँटिनोड. दोन नोडमधला झुलता भाग फुग्यासारखा दिसतो. चाळीस सेंटीमीटरची तार दोनशे छप्पनला एका फुग्यात झुलते आणि पाचशे बाराला वीस-वीसच्या दोन फुग्यांत. दोन फुगे जिथे जुळतात तिथे बरोबर मध्यावर नोड. तिथला कागद पडणारच नाही. बाकीची मुलं एकच कपटा मध्यावर ठेवत होती, म्हणून त्यांना चाळीसवर काहीच दिसलं नाही. तिचं उत्तर चुकीचं नव्हतं, दुसरं होतं.

मी लाल फुली खोडली. वहीतली खाडाखोड आम्ही मुलांना करू देत नाही, पण ही माझी होती.

"तू तीन का ठेवलेस?" मी विचारलं.

"बाकीचे ऐकतात," ती म्हणाली. "मी बघते. म्हणून तीन."

मग तिने डायरीत लिहिलं, 'साठ केले तर?'

"करून बघ."

पाचशे बाराचाच फोर्क. ब्रिज साठ सेंटीमीटरवर. आता तिने दर दहा सेंटीमीटरला एक असे पाच कपटे ठेवले. फोर्क टेकवला. दहा, तीस आणि पन्नासवरचे उडाले. वीस आणि चाळीसवरचे बसून राहिले. तीन फुगे, प्रत्येक वीसचा. या वेळी मध्यावरचा, तीसवरचा कागद उडाला होता. हे बघून ती इतकी हसली की बाहेरून शिपाईमामा डोकावून गेले. फोर्क तोच असेल तर फुगा वीसचाच राहणार, आणि तारेत पूर्ण फुगेच मावणार. वीसवर एक, चाळीसवर दोन, साठवर तीन. पन्नासवर काही नाही. अडीच फुग्यांना दोन बांधलेली टोकं जागा देत नाहीत. पन्नास तिने मुद्दाम करून पाहिलं. सगळे कपटे गप्प बसले.

पुढच्या महिन्यात तिचे वडील फीच्या सवलतीचा अर्ज घेऊन आले. मोठ्या सोसायट्यांमध्ये वायरिंगची कामं करायचे. हाताच्या बोटांची टोकं मात्र कडक झालेली, वायरिंगवाल्याची नसतात तशी.

"तुम्ही काही वाजवता का?" मी विचारलं.

"गिटार. चर्चमध्ये, लग्नांत. पंचवीस वर्षं झाली." मग म्हणाले, "घरात नाय वाजवत. ती लहान होती तेव्हा गिटारच्या पोटावर हात ठेवून बसायची. मोठी झाली, मग मलाच वाटलं, उगाच कशाला तिच्यासमोर."

मी त्यांना तिची वही दाखवली. तारेचा विषय निघाला तसे ते म्हणाले, "ते आमच्यात पण आहे ना मॅडम. मानेवर धातूच्या आडव्या कांड्या असतात ना, फ्रेट, त्यातल्या बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट लावायचं, दाबायचं नाय. घंटीसारखा आवाज येतो. सातव्यावर येतो, पाचव्यावर येतो. सहाव्यावर नाय येत. का ते नाय माहीत."

"तुमच्या मुलीला माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी मला रविवारी घरी बोलावलं. खोपटला बस बदलून मी त्यांच्या गावी गेले. जेवणं झाल्यावर त्यांनी गिटार काढली आणि मांडीवर आडवी ठेवली. मुलीने पट्टी आणली. तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पासष्ट सेंटीमीटर भरली. तिने डायरीत पासष्टला दोनने, तीनने आणि चारने भागलं आणि वरच्या टोकापासून मोजत गेली. निम्मं अंतर बाराव्या फ्रेटवर आलं. एक तृतीयांश जवळजवळ सातव्यावर. एक चतुर्थांश पाचव्यावर. तिने वर बघितलं. वडील हातातली सुपारी विसरून पट्टीकडे बघत होते.

मग तिने सगळ्यात बारीक तारेवर कागदाचे कपटे चढवले. पहिल्या दोन वेळा वडिलांनी सवयीने झोकात छेडलं आणि सगळेच उडाले.

"हळू," ती म्हणाली. "पप्पा, हळू."

तिसऱ्यांदा त्यांनी सातव्या फ्रेटवर बोट टेकवलं आणि अंगठ्याने जेमतेम छेडलं. बाराव्यावरचा कपटा पडला. त्याच्यापलीकडे, दुसऱ्या तृतीयांशावर ठेवलेला थरथरला, पण बसून राहिला. तिथे कोणाचंही बोट नव्हतं.

"तिथे तारेला कोणी धरलं नाय, मग?" वडील मला म्हणाले.

"तिला विचारा."

त्यांनी तिच्याकडे तोंड केलं आणि तोच प्रश्न परत विचारला. तिने हातांनी तीन फुगे काढून दाखवले. बोट एका नोडवर ठेवलं, की जिला तिथे नोड नाही अशी प्रत्येक लाट विझते. उरतात त्या तिथे गप्प राहणाऱ्या. त्यात तीन फुग्यांची सगळ्यात मोठी, आणि तिला तीन समान भाग लागतात, म्हणून दुसरा नोड आपोआप होतो. तार तीन भागांत झुलते, म्हणून कंपनं तिप्पट. यातलं निम्मं तिने बोलून सांगितलं, निम्मं लिहून.

मग तिने डायरीत पासष्टला पाचनेही भागलं. तेरा.

"इथे," ती म्हणाली, आणि चौथ्या फ्रेटच्या जरा अलीकडे नखाने खूण केली.

"चौथ्यावर नाय लागत बाय. मी बघितलंय."

"चौथ्यावर नाही. इथे."

चौथा फ्रेट साडेतेराच्या आसपास होता. तिची खूण त्याच्यापासून चार मिलिमीटर वरच्या बाजूला. वडिलांनी बोट अगदी तिथे टेकवलं, वजन न देता, आणि छेडलं. एक बारीक, उंच, स्वच्छ आवाज आला आणि पडवीत थोडा वेळ राहिला. त्यांनी बोट अर्ध्या इंचाने सरकवून परत छेडलं. नुसतं टक्. परत खुणेवर आणलं. आला.

मुलगी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने बघत होती. मी मान हलवून 'आला' म्हटलं. पण तिला ते त्यांच्याकडूनच हवं होतं. तिने त्यांचा खांदा हलवला.

"आला," ते तिच्याकडे वळून म्हणाले. "पंचवीस वर्षं हाताखाली होता. आला ग."

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकांना तिने सोनोमीटर मिळाल्यावर सात कपटे कापायला घेतलेले दिसले. एकच पुरतो, असं त्यांनी सांगितलं. ओठ वाचून ती शांतपणे म्हणाली, "एकाने अर्धंच कळतं." पुढची वीस मिनिटं ते तिच्याच टेबलाशी होते. मी दुरून बघत होते, मध्ये पडले नाही.

आता ती बी.एस्सी.ला आहे, फिजिक्सच घेतलं. मधूनमधून तारांचे फोटो पाठवते. तिच्या वडिलांचा परवा फोन आला होता. तक्रार करत होते, पण आवाज हसरा होता. गिटारच्या मानेवर पोरीने पेन्सिलने इतक्या रेघा मारून ठेवल्या आहेत, की लग्नात बाकीचे वाजवणारे विचारतात, हे कुठलं नोटेशन. आणि शनिवारी गिटार मागितली तर म्हणते, थांबा, माझं रीडिंग व्हायचंय.