एकशे बारा अंशांवर

मी चंद्रपूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. आमच्याकडे कोळसा खाणींतल्या माल वाहणाऱ्या पट्ट्यांचे रोलर बनतात, सिमेंट कारखान्यांचे सुटे भाग बनतात. दोन वर्षांपूर्वी मालकांनी एक वेगळंच काम घेतलं. शहरातल्या एका कंपनीच्या ड्रॉइंगप्रमाणे कृत्रिम पायाचे गुडघे बनवून द्यायचे. ते आमच्याच जिल्ह्यातल्या कृत्रिम अवयव केंद्रात बसवले जात. मला फार बरं वाटलं होतं. रोज धुळीत फिरणाऱ्या रोलरपेक्षा हे काम कुणाच्या तरी अंगाला लागणार होतं.

हा गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एका खिळ्याभोवती फिरत नाही. वर एक ठोकळा असतो, तो मांडीवर कपासारख्या बसणाऱ्या सॉकेटला जोडतात. खाली एक ठोकळा, त्याला पोटरीची नळी. दोघांच्या मध्ये पुढून एक आणि मागून एक अशा दोन दांड्या, चार पिनांवर. वाकताना गुडघ्याचा फिरण्याचा मध्यच जागा बदलत जातो, म्हणून माणूस उभा असताना तो पटकन मोडत नाही आणि चालताना पाऊल जमिनीला घासत नाही. हुशारीची रचना आहे. तिच्यावर माझा राग कधीच नव्हता.

एक दिवस केंद्राच्या डॉक्टरबाईंनी एक गुडघा आमच्याकडे पाठवला. पुढच्या दांडीला पिनेच्या भोकापाशी तडा गेला होता. सोबत कंपनीच्या शेऱ्याचा कागद होता : ‘चुकीच्या वापरामुळे नुकसान. बदलून मिळणार नाही.’ डॉक्टरबाईंचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या घडणीत काही दोष आहे का ते पाहावं.

मी धातू तपासला, मापं तपासली. सगळं ड्रॉइंगबरहुकूम. मग संगणकावर मोशन स्टडी केली. वरचा ठोकळा स्थिर ठेवला, पुढच्या दांडीला हळू गती दिली आणि खालचा ठोकळा किती अंश वाकतो ते मोजलं. कुठे एक भाग दुसऱ्यात घुसतो का, हेही पाहिलं. एकशे पस्तीस अंशांपर्यंत काहीच अडत नव्हतं. कंपनीच्या माहितीपत्रकात एकशे तीस लिहिलं होतं, ‘उकिडवे बसता येते’ असंही लिहिलं होतं. मी गुडघा केंद्राकडे परत पाठवला आणि डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं, “गुडघ्यात दोष नाही.”

हे वाक्य मी किती सहज बोलले, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या आठवड्यात त्या गुडघ्याची मालकीणच कारखान्यात आली. एटापल्लीकडच्या गावातली, पन्नाशीची बाई. नवऱ्याच्या गाडीवर मागे बसली असताना ट्रकनं ठोकलं आणि पाय गुडघ्याच्या जरा वरून गेला. दोन बस बदलून, कुबड्यांवर आली होती. केंद्रानं परत दिलेला तुटलेला पाय पिशवीत होता. फाटकावरच्या माणसानं तिला माझ्या टेबलापर्यंत आणलं तेव्हा मी चहा पीत होते.

“तू सांगतलीस म्हनते, माह्या पायात खराबी नाई?” तिनं विचारलं.

मी म्हणाले, “बाई, मी तपासलं. पूर्ण वाकतो तो.”

“मंग मले काऊन नाई बसता येत? खुर्चीवर बसतो मी, काई होत नाई. खाली बसाले गेलो का मंधातच टक् करते. मोहफुलं वेचाले बसा लागते, संडासले बसा लागते. जोर लावला तं तुटलाच. आन् त्यायनं लिहून देल्लं का मी चुकीची बसतो. कशी बसू मंग?”

तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

आमचे मिस्त्री शेजारीच उभे होते. लेथवर तीस वर्षं काढलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पिशवीतला पाय काढला, सॉकेट खालून-वरून पाहिलं आणि माझ्या पडद्याकडे बोट केलं.

“मॅडम, तुमच्या काम्प्युटरात मांडी कुठी हाय?”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. मी फक्त लोखंड वाकवून पाहिलं होतं. वर सॉकेट नव्हतं, खाली नळी नव्हती, नळी आवळणारा क्लॅम्प नव्हता, त्याचा मागे डोकावणारा बोल्ट नव्हता. बाईची मांडी बरीच शिल्लक होती, म्हणजे तिचं सॉकेट जवळजवळ गुडघ्यापर्यंत खाली येत होतं. तेच मी वगळलं होतं.

बाईला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. चाचांनी सॉकेटची मापं घेतली, मागच्या बाजूचा उतार पुठ्ठ्यावर उतरवून दिला. मी ते सगळं संगणकात बसवलं आणि पुन्हा स्टडी लावली. आधी पाच-पाच अंशांची पायरी होती, ती अर्ध्या अंशावर आणली, कारण मोठ्या पायरीत मधली धडक निसटून जाऊ शकते. नव्वदला काही नाही. शंभरला काही नाही. एकशे बारा अंशांवर क्लॅम्पच्या बोल्टचं डोकं सॉकेटच्या मागच्या भिंतीला टेकलं आणि दोन्ही भाग लाल झाले.

चाचांनी खात्री करून घेतली. बोल्टच्या डोक्याला निळा रंग लावला आणि पाय हातानं वाकवला. ‘टक्.’ सॉकेटवर निळा ठिपका उठला, पडद्यावर लाल झाला होता तिथंच. त्याच्या आजूबाजूला जुन्या रगडण्याच्या खुणा होत्या. तुटण्याचं कारणही आता डोळ्यांसमोर होतं. बोल्ट टेकल्यावर बाई अंगाचा भार टाकून आणखी खाली जायला बघत होती, तेव्हा तो बोल्ट पहारीच्या टेकूसारखा झाला आणि सगळा ताण पुढच्या दांडीवर आला. ती तुटणारच होती.

“म्हंजे मी नाई चुकली?” बाईनं विचारलं.

“नाही बाई. आम्ही चुकलो.”

तिनं बशीतला चहा संपवला.

मी कंपनीला लिहिलं. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल झाला. पलीकडे त्यांचा डिझाइन प्रमुख, इकडे मालक, डॉक्टरबाई आणि मी. मी माझी स्टडी दाखवली. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, एकशे तीस हा आकडा सांध्याचा आहे. सॉकेट केंद्र बनवतं. ते आमच्या कक्षेत येत नाही.”

“पण माहितीपत्रकात उकिडवं बसता येतं असं लिहिलंय. सॉकेटशिवाय कोण बसणार? नुसता सांधा बसणार का?”

“ग्रामीण वापरकर्ते ताकद लावतात. त्यांना ट्रेनिंगची गरज असते.”

मालकांनी टेबलाखालून मला हातानं गप्प राहा म्हणून खुणावलं. मी गप्प राहिले नाही. त्यांच्याच संकेतस्थळावरची जाहिरातीची फिल्म लावली. तिच्यात सुंदर निळसर, पारदर्शक सॉकेट आहे, गुडघा सावकाश वाकतो, मागे संगीत वाजतं. एकशे वीसच्या आसपास मी फिल्म थांबवली आणि चित्र मोठं केलं. बोल्टचं अख्खं डोकं त्या निळसर सॉकेटच्या आत बुडालेलं होतं.

पडद्यावर लोखंड कशातूनही आरपार जातं. ‘धडक तपास’ म्हणून सांगितल्याशिवाय संगणक कुणाला अडवत नाही. त्यांनी सॉकेट शोभेसाठी चितारलं होतं, तपासात घेतलंच नव्हतं. आणि ज्या धडकेनं एटापल्लीकडची बाई मोडलेला पाय पिशवीत घालून हिंडत होती, ती धडक त्यांच्या जाहिरातीत संगीतावर चालू होती. किती लोकांनी ती फिल्म पाहिली असेल. कुणालाही ती थांबवून बघावीशी वाटली नाही, कारण त्यांच्यापैकी कुणालाच जमिनीवर बसायचं नव्हतं.

डिझाइन प्रमुख म्हणाला, “हे फक्त सादरीकरण आहे.” डॉक्टरबाई म्हणाल्या, “माझी पेशंट सादरीकरण नाहीये,” आणि कॉल बंद केला. मालक माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

आमच्या हातात जे होतं ते आम्ही केलं. क्लॅम्प उलटा फिरवून बोल्ट पुढे घेतला. बसवण्याच्या नियमात ते चालत होतं. पुन्हा स्टडी केली, आता धडक एकशे सव्वीसवर गेली. तिथं खालच्या ठोकळ्याचा मागचा कोपरा सॉकेटच्या काठाला लागत होता. चाचा म्हणाले, “कोपरा घासून देतो, पाच मिनिटाचं काम हाय.” मी नको म्हटलं. तिथं पिनेभोवती आधीच धातू कमी होता. घासला असता तर उद्या ती चालता चालता पडली असती. एकशे सव्वीसवर चार बोटं उंचीचा पाट घेतला तर बसता येईल, असं मी बाईला फोनवर सांगितलं.

“जंगलात पाट कोन धरून जाते?” ती म्हणाली.

बरोबर होतं. केंद्र तिचं नवं सॉकेट बनवणार होतं. त्याचा मागचा खालचा भाग चपटा केला, तर आतल्या मांडीला न दुखवता चालेल का, हे डॉक्टरबाईंच्या तंत्रज्ञांनी तपासलं. चालत होतं. ते नवं माप संगणकात घालून मी शेवटची स्टडी केली. एकशे चौतीसपर्यंत वाट मोकळी. दरम्यान कंपनीनं नवा सांधा पाठवला होता. पत्रात लिहिलं होतं, ‘सद्भावनेपोटी’. चूक कबूल केल्याचा शब्दही नव्हता, माफीचाही नव्हता. ते पत्र वाचून मी ते टेबलावर इतक्या जोरानं आपटलं की चाचा लेथ बंद करून बघायला आले.

बाई पाय घालून केंद्राच्या व्हरांड्यात उभी राहिली. हळूहळू खाली गेली. मी ‘टक्’ची वाट बघत होते. टक् झालं नाही. ती उकिडवी बसली, एक हात फरशीवर टेकून थोडा वेळ तशीच राहिली, मग खांब धरून आपली आपण उठली. पुन्हा बसली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा डॉक्टरबाई हसायला लागल्या.

बाई हसली नाही. तिनं विचारलं, “ह्या पायाचे अजून किती लोकं हायत? त्यायलेबी असंच लिहून देल्लं असन ना?”

डॉक्टरबाईंनी कपाट उघडलं. ‘चुकीचा वापर’ लिहिलेले कागद एकावर एक निघाले. त्या दुपारी डॉक्टरबाई आणि मी, आम्ही दोघींनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. घुग्घुसच्या एका माणसानं सांगितलं की त्यानं पाय कधीच सोडून दिला. आपल्यालाच नीट बसता येत नाही, असं त्याला वाटत होतं. सिरोंच्याच्या एकाच्या मुलीनं तेलुगूत घरातल्यांना काहीतरी विचारलं, मग मराठीत म्हणाली, “बाबांना रागावणार नाही ना तुम्ही?”

मी म्हणाले, “नाही. त्यांना घेऊन या.”