अंगाईचे दोन ठोके

बाळांनो, नव्वदच्या दशकात जुईनगरच्या आमच्या चर्चचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा संच, तुमचे आजोबा चालवत आणि ऑर्गन मी वाजवत असे. ते सगळ्यांना बजावत, "थ्री-फोर साधा ताल. ठोके तीन, प्रत्येकाचे भाग दोन. सिक्स-एट संयुक्त. त्यातही भाग सहाच, पण चालत्या लयीच्या गाण्यात ठोके दोन, प्रत्येकात तीन भाग. जोर एकवर आणि चारवर. हात खाली, मग वर. बाजूला नेलात तर ठोके तीन झाले, गाणं मोडलं!"

पक्षाघातातून उठल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी सिक्स-एटमधली नाताळची अंगाई घेतली. हात खाली आला, मग बाजूला गेला, मग वर. जोर एक, तीन, पाचवर पडू लागला. गाणारे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मी ऑर्गन त्यांच्या तीन ठोक्यांवर नेला, आणि सगळे जण शब्द मोडत त्यांच्यामागून गायले.

घरी जाताना ते म्हणाले, "अगं, आज सिक्स-एट काय सुरेख बसलं!"

"हो ना," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी त्यांच्या जागी मला कॉयरपुढे उभं केलं. त्याच अंगाईला मी दोन ठोके दिले. पहिल्या बाकावर तुमचे आजोबा मांडीवर तीन मोजत होते, आणि माझ्याकडे पाहून 'चुकतेस' अशी मान हलवत होते.